आठवण आपण काढली की फोनने?

नवं नातं सुरू होऊन काही महिने झालेत, सगळं छान चाललंय, आणि एका सकाळी फोन आपणहून दाखवतो: 'तीन वर्षांपूर्वी, आजच्या दिवशी'. कासच्या पठारावरचा फोटो, शेजारी एक्स. मन दिवसभर भरकटतं आणि 'मी अजून तिथेच अडकलेय का?' अशी शंका छळू लागते.

ही शंका बहुतेक वेळा अनाठायी असते. 2010 साली हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी, जोडीदाराने नाकारलेल्या पण अजून प्रेमात असलेल्या 15 जणांना त्याच व्यक्तीचे फोटो दाखवत त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. बक्षिसाच्या ओढीशी आणि व्यसनाच्या तलफेशी संबंधित भाग उजळले. जखम ताजी असलेल्या मोजक्या लोकांवरचा हा प्रयोग, त्यामुळे तो सगळ्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण नुसता चेहरा दिसला तरी मेंदूत ओढीचा प्रतिसाद उमटू शकतो, एवढं त्यावरून समजून घेता येतं. असा प्रतिसाद उमटला म्हणजे नव्या नात्याशी प्रतारणा झाली, असं नाही.

खरा फरक पडतो तो पुढच्या दहा मिनिटांत. फोटो दिसला म्हणून आपण एक्सचं प्रोफाइल उघडतो का? ब्रुनेल विद्यापीठातल्या टारा मार्शल यांनी 2012 साली 464 जणांच्या उत्तरांवरून फेसबुकच्या बाबतीत हेच तपासलं. एक्सच्या प्रोफाइलवर वारंवार डोकावणाऱ्यांमध्ये त्रास आणि ओढ जास्त होती, स्वतःची वाढ झाल्याची भावना कमी होती. नुसतं फ्रेंडलिस्टमध्ये असणाऱ्यांचं चित्र वेगळं होतं: त्यांच्यात ओढ उलट कमी आढळली, वाढीची भावना मात्र त्यांच्यातही कमीच होती. डोकावल्यामुळे त्रास होतो की त्रास होतो म्हणून माणूस डोकावतो, हे अशा पाहणीतून ठरत नाही. माझ्या मते दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. म्हणून 'अनफ्रेंड करू की नको' यावर डोकं शिणवण्यापेक्षा डोकावणं कसं थांबेल, हे बघावं. म्यूट केलं की पोस्ट समोर येत नाहीत, पण प्रोफाइल शोधायला मोकळीक राहते. हात आवरतच नसेल तर ब्लॉक करणं योग्य. त्यात कुणाचा अपमान नाही.

मग सगळं डिलीट करून मोकळं व्हावं? कोरिना सास आणि स्टीव्ह व्हिटेकर यांनी 2013 साली 24 तरुणांशी बोलून पाहिलं, तेव्हा तीन तऱ्हा दिसल्या: सगळं ठेवणारे, सगळं पुसणारे आणि निवडून ठेवणारे. रागाच्या भरात पुसणाऱ्यांतल्या काहींना नंतर हळहळ वाटली, तर सगळं ठेवणाऱ्यांना पुढे जाणं जड गेलं. निवडून ठेवणारे थोडेच होते, पण मला तोच मार्ग शहाणपणाचा वाटतो. फक्त ती निवड ब्रेकअपच्या आठवड्यात करू नये.

तोवर फोनला गप्प बसवता येतं. कासचंच उदाहरण घ्या. गूगल फोटोजच्या सेटिंगमध्ये `Memories` खाली `Hide people & pets` मध्ये जाऊन एक्सचा चेहरा निवडला, की त्या चेहऱ्याचे फोटो आठवणींत यायचे थांबतात आणि संग्रहात सुरक्षित राहतात. पण पाठमोरा फोटो, गॉगल आणि टोपीतला फोटो किंवा फक्त फुलांचा फोटो यात ॲपला ती व्यक्ती ओळखू येईलच असं नाही, म्हणून ते सुटू शकतात. अशा सहलींसाठी `Hide dates` मध्ये त्या दिवसांच्या तारखाही घालाव्यात. व्हॉट्सॲपचं चॅट अर्काइव्ह करून `Keep chats archived` चालू ठेवलं, तर नवा मेसेज आला तरी ते वर उसळत नाही.

निवड करायला बसाल तेव्हा एक लक्षात ठेवा: बॅकअप चालू असताना गूगल फोटोजमधून पुसलेला फोटो क्लाउडमधूनही जातो, आणि ट्रॅशमध्ये 60 दिवसच राहतो. खासगी क्षणांचे फोटो मात्र दोघांनीही ठेवू नयेत, तिथे निवडीचा प्रश्नच नाही. आणि घटस्फोट किंवा छळाची तक्रार चालू असेल, तर वकिलांशी बोलल्याशिवाय एकही चॅट पुसू नका.

नव्या जोडीदाराला 'जुने फोटो आहेत, एका जागी आहेत, मी ते बघत बसत नाही' एवढं स्वतःहून सांगितलेलं बरं. पुरावा म्हणून सगळं पुसून दाखवण्याची मागणी मला पटत नाही, कारण डोकावण्याची सवय त्याने सुटत नाही.

आणि उलट दिशाही तपासा, ती हमखास राहून जाते. गूगल फोटोजमध्ये एक्ससोबत `Partner sharing` चालू राहिलं असेल, तर निवडलेल्या पर्यायानुसार तुमचे नवे फोटो आपोआप तिकडे पोहोचत राहतात, अगदी नव्या जोडीदारासोबतचेही. गूगल मॅप्सवरचं लोकेशन शेअरिंग आणि ओटीटीचे सामायिक पासवर्ड यांचंही तेच. या तीन गोष्टी आजच बघून घ्या, फोटोंची निवड नंतर झाली तरी चालेल.