पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला?

"फ्रीलान्सरला वेबसाइटचे पूर्ण पैसे दिले, बिलही आहे. मग कोड आपोआप माझाच ना?"

नाही. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार पहिला मालक म्हणजे काम करणारा. पगारी नोकराने नोकरीत केलेलं काम सहसा नोकरी देणाऱ्याचं होतं, फ्रीलान्सर मात्र नोकर नसतो. तुम्हाला फार तर वापरण्याची परवानगी मिळते. उद्या दुसऱ्या डेव्हलपरकडून तोच कोड बदलून घ्यायचा झाला की वाद सुरू.

हक्क मिळवायचे तर कलम 19 प्रमाणे लेखी हस्तांतरण लागतं, फ्रीलान्सरच्या सहीचं. त्यात काम कोणतं, हक्क कोणते, हे स्पष्ट हवं. मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. बहुतेक जण इथेच फसतात. "सर्व हक्क ग्राहकाचे" एवढ्या एका ओळीवर ते निर्धास्त असतात.

समजा काम 80,000 रुपयांचं आहे. 16,000 आगाऊ, डिझाइन मंजूर झाल्यावर 24,000, चाचणीची आवृत्ती चालल्यावर 24,000 आणि सोर्स कोड, सर्व्हरचे पासवर्ड हाती आल्यावर उरलेले 16,000. मालकी शेवटचा हप्ता चुकता होताच ग्राहकाकडे जाईल, असं करारात लिहा. दोघांनाही ते सोयीचं. डोमेन मात्र पहिल्याच दिवशी स्वतःच्या नावावर घ्या. फ्रीलान्सरचा आधीपासूनचा कोड आणि ओपन सोर्स लायब्रऱ्या तुमच्या मालकीच्या होत नाहीत, म्हणून दोन्हींची यादी जोडून फ्रीलान्सरचा तो कोड वापरण्याची कायमची परवानगी लिहून घ्यावी.