सरांचे व्हॉट्सॲपवरचे नऊ मुद्दे आणि परदेशी विद्यापीठाचं शिफारसपत्र: पत्र कुठं अडकतं, कसं सोडवायचं

दरवर्षी ऑक्टोबर लागला की आमच्या स्टाफरूमच्या दारात लेकरं उभी राहायला लागतात, हातात मार्कशीटची झेरॉक्स आणि तोंडात एकच वाक्य, "मॅडम, सरांनी पॉइंट दिलेत, एलओआर करून द्या ना." एलओआर म्हणजे हेच शिफारसपत्र. लातूरकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते. इंग्रजी बरं म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं, आणि आता इतकी पत्रं हाताखालून गेलीत की कुठलं पत्र अंगलट येणार ते मुद्दे बघूनच कळतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी साध्या गोष्टी उरकते. अमेरिकेत एमएसला बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात, इंग्लंडला बऱ्याचदा दोन. जर्मनीत काही विद्यापीठं मागतात, काही मागतच नाहीत, आणि जिथं मागतात तिथं कधी विद्यार्थ्यालाच पीडीएफ जोडावी लागते, म्हणून प्रत्येक कोर्सचं पान वेगळं वाचायचं. पत्र देणारा माणूस तुम्हाला शिकवलेला किंवा प्रोजेक्ट गाइड केलेला पाहिजे. प्राचार्यांनी तुम्हाला फक्त गॅदरिंगला बघितलं असेल तर त्यांचं पत्र नको, मामा प्राध्यापक असले तरी मामांचं नको, आणि आमदारसाहेबांच्या लेटरहेडवरचं तर अजिबात नको (हो, एकानं आणलं होतं, रंगीत फोटोसकट). सरांना द्यायचं काय, तर सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, सीव्ही, प्रोजेक्ट रिपोर्ट, एसओपीचा, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणाऱ्या निबंधाचा, कच्चा मसुदा आणि विद्यापीठांची तारखांसकट यादी. हे किमान सहा आठवडे आधी द्या. दिवाळीच्या सुट्टीत सर गावाकडं जातात, तेव्हा फोनला रेंज नसते.

आता मेन अडचण. सर मनानं चांगले, पण पत्र लिहायला वेळ नाही, सवय नाही, मग ते रात्री साडेदहाला मुद्दे पाठवतात. मागच्या वर्षी सिव्हिलच्या एका मुलीसाठी आलेले मुद्दे जसेच्या तसे देते:

"१) गुणी मुलगी. २) प्रोजेक्ट विहिरींचा, चांगला केला. ३) स्वभाव शांत. ४) सेकंड इयरला एम-थ्री राहिला होता, काढला. ५) लॅबमध्ये पोरांना समजून सांगायची. ६) एनएसएस. ७) इंग्रजी जरा. ८) खेड्यातून एसटीनं येणं-जाणं. ९) बाकी मॅडम तुम्ही बघा."

हा नववा मुद्दाच सगळ्यात घातक. बहुतेक पत्रं इथंच मरतात, कारण "तुम्ही बघा" म्हटलं की लिहिणारा नेटवरून नमुना उचलतो आणि मेहनती, प्रामाणिक, जिद्दी, नेतृत्वगुण असलेली अशी माळ ओवून देतो. तिन्ही सरांची पत्रं एकच माणूस लिहीत असेल तर तिन्ही पत्रांत तेच शब्द, तीच वाक्यं, तोच फाँट. तिकडं एकाच अर्जातली तिन्ही पत्रं एकाखाली एक वाचतात, त्यांना काय कळत नाही का?

मी काय करते, मुद्दे घेऊन सरांपुढं बसते आणि प्रत्येक मुद्द्याला विचारते, कधी? नक्की काय झालं होतं? तुम्ही तिथं होता का? उत्तर आलं तर मुद्दा ठेवते, नाही आलं तर काढून टाकते. "स्वभाव शांत" ला सरांना एक पण प्रसंग आठवेना, गेला. "एनएसएस" सीव्हीत आहेच आणि सरांनी कॅम्प बघितलेला नव्हता, तो पण गेला. "चांगला केला" ला मात्र सर खुलले. म्हणे, "अहो मॅडम, ते कठड्याचं प्रकरण तुम्हाला माहीतच नाही का?"

तर प्रकरण असं. तिनं औसा तालुक्यातल्या स्वतःच्या गावातल्या १४ विहिरींची पाण्याची पातळी जुलै ते फेब्रुवारी दर पंधरा दिवसांनी मोजली. टेप सोडायचा आणि कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर लिहायचं. ऑक्टोबरात आकडे मांडले तर शेजारशेजारच्या दोन विहिरींत मीटरभर फरक, आणि जमीन तर सपाट. सर म्हणाले टेप चुकीचा वाचला असशील, परत मोज. तिनं परत मोजलं, फरक तेवढाच. मग तिच्या लक्षात आलं की एका विहिरीला नवा उंच कठडा बांधलाय आणि दुसरी जमिनीलगत आहे, म्हणजे मोजायची सुरुवातच वेगवेगळ्या उंचीवरून होतेय. तिनं चौदाही कठड्यांची उंची मोजली, आधीच्या प्रत्येक रीडिंगमधून ती वजा केली आणि तक्ता नव्यानं केला. सरांनी सांगितलेलं नव्हतं. उलट सरच चुकले होते, आणि ते त्यांनी हसत कबूल केलं.

हे ऐकलं आणि मी पेन खाली ठेवला, कारण पत्र मिळालं होतं. इंग्रजीत जे उतरवलं त्याचा मराठीत मतलब असा: "सुरुवातीला मी हा फरक रीडिंगची चूक समजलो. तिनं पुन्हा मोजून माझं म्हणणं तपासलं आणि खरं कारण मोजण्याच्या संदर्भबिंदूत आहे हे दाखवून दिलं. त्यानंतर तिनं आधीची सगळी रीडिंग कुणी न सांगता दुरुस्त केली." यात कौतुकाचं एक पण विशेषण नाही. गुणी म्हणायची गरजच उरली नाही. आठवा मुद्दा, एसटीचा, तो पण इथंच विरघळला: गाव तिचंच म्हणून दर पंधरवड्याचं मोजमाप जमलं, एवढंच लिहिलं. एसटीतल्या हालअपेष्टा लिहून दया मागायची नाही, वाचणाऱ्याला लाल डबा काय असतो ते माहीत पण नाही.

चौथा मुद्दा नाजूक. नापास झालेला विषय लपवायचा की सांगायचा? ट्रान्सक्रिप्टवर तो दिसणारच, म्हणून सरांनीच एका वाक्यात सांगितलेलं बरं: तिसऱ्या सेमिस्टरला एक विषय राहिला, पुढच्या परीक्षेत निघाला, आणि नंतर माझ्या हायड्रॉलॉजीच्या पेपरात ती वर्गात दुसरी आली. सरांना त्यात वडिलांच्या आजारपणाचं पण घालायचं होतं. मी मुलीला विचारलं, ती नको म्हणाली, नाही घातलं. घरातली गोष्ट विचारल्याशिवाय लिहायची नाही, सरांचा हेतू कितीही चांगला असू दे. "इंग्रजी जरा" हे पण मी काढलं नाही. थर्ड इयरच्या सेमिनारला कागद बघून वाचत होती, फायनलच्या व्हायव्हात एक्स्टर्नलच्या प्रश्नांना अडखळत का होईना पण स्वतः उत्तरं देत होती, असं लिहिलं. सगळंच गोड असलं की वाचणारा काहीच खरं मानत नाही.

मसुदा झाला की सरांनी तो वाचायचा, आणि वाचायचा म्हणजे खरंच वाचायचा. पत्र सरांचं आहे, मी फक्त भाषा लावली. सरांनी दोन ठिकाणी बदल केले, एक माझी चूकच होती, मी १४ च्या जागी १५ विहिरी टाईप केल्या होत्या आणि रिपोर्टात १४ होत्या. जुन्या पत्रावर नवं बेतताना मुलीच्या पत्रात "शी"च्या जागी "ही" हे मुलाचं इंग्रजी सर्वनाम राहणं, दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहणं, हे तर दर सीझनला होतंच. लांबी एक ते दीड पान बास.

आता पोर्टल. बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थ्यानं अर्जात सरांचा ईमेल टाकला की सरांना लिंक जाते आणि पत्र सर स्वतः अपलोड करतात. इथं अर्जात एक चौकट येते, विद्यार्थी पत्र बघायचा हक्क सोडतोय का. अमेरिकेत १९७४ चा एक कायदा आहे, फर्पा, त्यानं प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला स्वतःची फाइल बघायचा हक्क मिळतो, तो सोडला तर पत्र गोपनीय मानतात आणि त्याचं वजन जास्त. बहुतेकजण सोडतात. पण मग सोडल्यावर त्याच पत्राचा मसुदा विद्यार्थ्याच्याच पेनड्राइव्हमध्ये फिरतोय, हे बरोबर नाही. मसुदा सरांकडून माझ्याकडं आणि माझ्याकडून सरांकडं, मुलगी मधून बाहेर, असं ठेवलं आम्ही.

ईमेल हा आपल्याकडचा मोठा घोळ. विद्यापीठं कॉलेजच्या डोमेनचा ईमेल मागतात आणि आपल्याकडं निम्म्या सरांचा तो कधी उघडलेलाच नसतो. ऑफिसात जाऊन चालू करून घ्या, एका अर्जाचं काम आहे. लेटरहेडचं तर विचारूच नका, आमच्या क्लार्कनं जावक क्रमांकाशिवाय कोरं लेटरहेड द्यायला चार दिवस लावले, जणू तिकडं अमेरिकेत कुणी आवक रजिस्टर घेऊन बसलंय! पण कंटाळून सरांच्या नावानं स्वतःच जीमेल काढून स्वतःच अपलोड करू नका. अर्ज आणि पत्र एकाच लॅपटॉपवरून, एकाच आयपीवरून गेलं तर ते दिसू शकतं, आणि ही बनवाबनवी ठरते, मिळालेला प्रवेश पण जाऊ शकतो.

पोर्टलवर पत्राबरोबर एक तक्ता पण येतो, आतापर्यंत शिकवलेल्या मुलांत ही कुठं बसते, वरच्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत, २५ टक्क्यांत वगैरे. सर सगळीकडं सगळ्यात वरचं बटण दाबायला निघाले होते. मी मार्कशीट पुढं ठेवली, फायनलला ५८ जणांत सातवी, म्हणजे साधारण १२ टक्के. मग अभ्यासात वरचे २५ टक्के, संशोधनात वरचे ५ टक्के, बोलण्यात मधलं. पत्रात अडखळतं इंग्रजी आणि तक्त्यात बोलणं एक नंबर, असं झालं असतं तर पत्र आणि तक्ता एकमेकांशी भांडले असते.

शेवटची गोष्ट तारखेची. १५ डिसेंबर रात्री ११:५९ असं लिहिलेलं असतं ते बहुतेक तिकडच्या वेळेनं असतं. न्यूयॉर्ककडची वेळ असेल तर आपल्याकडं १६ तारखेची सकाळ १०:२९ होते, कॅलिफोर्नियाकडची असेल तर दुपारचे १:२९. हा वाढीव वेळ तुमच्या फॉर्मसाठी राखा, सरांना १ डिसेंबरच सांगा. पत्रांची तारीख कधीकधी वेगळी पण असते, ती वेगळी शोधा.

आणि लिंक गेली म्हणजे पोचली असं नाही. आमच्या सरांची लिंक नऊ दिवस स्पॅममध्ये पडून होती, मुलगी रोज पोर्टल उघडून बघायची आणि विचारायला लाजायची. शेवटी मीच सरांच्या मागं उभी राहिले, त्यांनी स्पॅम उघडलं, लॉटरीच्या दोन मेलच्या मधे ती लिंक होती. सरांनी त्यांच्याच फोनवरून पीडीएफ चढवली, आणि संध्याकाळी मुलीच्या पोर्टलवर त्या नावापुढं Received आलं.