मोठ्या खाचेतलं वाचन: हेलिक्स-टर्न-हेलिक्स ते झिंक फिंगर

डीएनएची जोडशिडी न उलगडता, बाहेरूनच एखादं प्रथिन त्यातली अक्षरं कशी ओळखतं? 1966-67 मध्ये वॉल्टर गिल्बर्ट व बेन्नो म्युलर-हिल यांनी लॅक रिप्रेसर, म्हणजे जनुक बंद ठेवणारं जिवाणूचं प्रथिन, आणि मार्क टाश्नी यांनी लॅम्डा विषाणूचा रिप्रेसर वेगळा काढला, तेव्हा हा प्रश्न समोर येऊन उभा राहिला. ही प्रथिनं लाखो अक्षरांतून आपली एकच जागा शोधून तिथे बसतात. पण बेसच्या, म्हणजे या अक्षरांच्या, जोड्या तर आत असतात आणि एकमेकींशी हायड्रोजन बंधांनी आधीच बांधलेल्या असतात.

उत्तराची पहिली नीट मांडणी 1976 मध्ये सीमन, रोझेनबर्ग आणि रिच यांनी केली. प्रत्येक जोडीच्या कडा जोडशिडीभोवती फिरणाऱ्या दोन खाचांमध्ये, एका मोठ्या आणि एका लहान, उघड्या असतात. लहान खाचेतून पाहिलं तर अ‍ॅडेनिन-थायमिन आणि उलटी थायमिन-अ‍ॅडेनिन जवळपास सारखीच दिसतात, कारण दोन्ही टोकांना हायड्रोजन घेणारे अणू असतात. ग्वानिन-सायटोसिनचं उलटसुलटही तिथे सहज कळत नाही. मोठ्या खाचेत मात्र चारही मांडण्या वेगळ्या. थायमिनचा मिथिल गट एका बाजूला फुगलेला असतो. ग्वानिनच्या कडेवर हायड्रोजन घेणाऱ्या दोन जागा शेजारी शेजारी असतात, तर अ‍ॅडेनिनच्या कडेवर एक घेणारी आणि एक देणारी. या तिघांचं म्हणणं असं की एका बंधाने ओळख पक्की होत नाही, दोन हवेत. मग प्रथिनातल्या आर्जिनिन या अमायनो आम्लाचा दुहेरी टोकाचा गट ग्वानिनला पकडू शकतो आणि अस्पॅराजिन किंवा ग्लुटामिन अ‍ॅडेनिनला. त्या वेळी एकाही रिप्रेसरची रचना हातात नव्हती, म्हणून हा अंदाज मला आजही धाडसी वाटतो.

स्फटिकांवरून रचना आल्या 1981-82 मध्ये. ब्रायन मॅथ्यूज यांच्या गटाने लॅम्डाच्या क्रो प्रथिनाची, मॅके आणि स्टाइट्झ यांनी जिवाणूच्या कॅप प्रथिनाची, तर पाबो आणि ल्युइस यांनी लॅम्डा रिप्रेसरच्या एका भागाची. या स्फटिकांत डीएनए नव्हतं, नुसतं प्रथिन होतं. तरी दोन क्रो प्रथिनांच्या जोडीत बाहेर डोकावणारे दोन हेलिक्स, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचे मळसूत्री तुकडे, एकमेकांपासून 34 अँगस्ट्रॉमवर निघाले, आणि डीएनएचा एक वेढाही साधारण तितकाच लांब. म्हणजे एकाच बाजूने दोन लागोपाठच्या मोठ्या खाचांत दोन हेलिक्स बरोबर बसतात. कॅपच्या बाबतीत मात्र पहिला निष्कर्ष चुकला. मॅके आणि स्टाइट्झ यांनी त्याची मांडणी पाहून डीएनए डावखुरा वळलेला असेल असं सुचवलं. पुढे तसं नसल्याचं दिसलं.

तिन्ही प्रथिनांत एक तुकडा मात्र सारखा होता: साधारण 20 अमायनो आम्लांचा, दोन छोटे हेलिक्स आणि मध्ये एक तंग वळण. यातला दुसरा हेलिक्स खाचेत जातो, पहिला त्याला आडवा टेकून जागेवर धरतो. हेच हेलिक्स-टर्न-हेलिक्स. खरोखर दुसराच हेलिक्स वाचतो का, हे रॉबिन व्हार्टन आणि टाश्नी यांनी 1985 मध्ये सरळ तपासलं. त्यांनी 434 विषाणूच्या रिप्रेसरचा तो हेलिक्स घेतला आणि त्याच्या डीएनएकडे तोंड असलेल्या बाजूवरची अमायनो आम्लं पी22 विषाणूच्या रिप्रेसरमधल्यांशी बदलली. बाकी प्रथिन जसंच्या तसं. हे संकरित प्रथिन 434 ची जागा सोडून पी22 च्या जागेवर जाऊन बसलं.

इथून पुढे मोह साहजिक होता: अमुक अमायनो आम्ल म्हणजे तमुक अक्षर, असा कोश करावा. पण रचना वाढत गेल्या तसा हा कोश विस्कटत गेला. वेगवेगळ्या रिप्रेसरचे हेलिक्स खाचेत वेगवेगळ्या कोनात बसतात, त्यामुळे एकाच क्रमांकाचं अमायनो आम्ल दर वेळी वेगळ्या अक्षरासमोर येतं. 1988 मधल्या ट्रिप रिप्रेसरच्या रचनेत तर बेसशी थेट संपर्क फार कमी, बरेचसे पाण्याच्या रेणूंमार्फत. त्याच वर्षी मॅथ्यूज यांनी लिहून टाकलं की ओळखीचा कोणताही कोश नाही.

तोवर केंब्रिजमध्ये बेडकाच्या अंड्यांतून दुसराच धागा सुरू झाला होता. झेनोपस बेडकाच्या अपक्व अंड्यांत टीएफ-थ्री-ए नावाचं प्रथिन 5एस आरएनएशी बांधून मुबलक साठवलेलं असतं. अ‍ॅरन क्लूग यांच्या प्रयोगशाळेत जोनाथन मिलर हे कण शुद्ध करत होते, पण कण फुटत आणि हाती फार थोडं लागे. बफरमधलं डीटीटी हे रसायन प्रथिनातला एखादा धातू ओढून घेत असावं, असा संशय आला. मोजल्यावर प्रत्येक कणात जस्ताचे 7 ते 11 आयन निघाले. प्रथिनाचा क्रम पाहिला तर साधारण 30 अमायनो आम्लांचा एकच साचा नऊ वेळा आलेला, प्रत्येकात दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन ठरलेल्या अंतरावर. 1985 मध्ये मिलर, मॅकलॅक्लन आणि क्लूग यांनी मांडलं की प्रत्येक साचा एका जस्ताभोवती घडी घालतो. या घडीला पुढे झिंक फिंगर, म्हणजे जस्ताचं बोट, हे नाव पडलं.

डीएनएसकट रचना मिळाली 1991 मध्ये, पाव्हलेटिच आणि पाबो यांच्या हातून. प्रथिन उंदराचं, झिफ268, तीन बोटांचं. डीएनएवरचा क्रम GCGTGGGCG. ही नऊ अक्षरं तिनाच्या गटांत पाहावीत: GCG, TGG, GCG. प्रत्येक बोटातला हेलिक्स मोठ्या खाचेत शिरतो. बोटं उलट्या दिशेने बसतात, म्हणजे पहिलं बोट शेवटच्या GCG वर, दुसरं TGG वर, तिसरं पहिल्या GCG वर. पहिल्या बोटाच्या हेलिक्सच्या तोंडाशी, उणे 1 या क्रमांकावर, आर्जिनिन असतं, ते आपल्या गटातल्या तिसऱ्या अक्षराला, ग्वानिनला, धरतं. क्रमांक 6 वरचं आर्जिनिन गटातलं पहिलं ग्वानिन धरतं. तिसऱ्या बोटातही हेच. दुसऱ्या बोटात उणे 1 वरचं आर्जिनिन शेवटच्या ग्वानिनला आणि क्रमांक 3 वरचं हिस्टिडीन मधल्या ग्वानिनला पकडतं. क्रमांक 6 वर तिथे थ्रिओनिन आहे, ते थायमिनला स्पर्शही करत नाही. आर्जिनिन-ग्वानिनची 1976 ची जोडी इथे पाच वेळा जशीच्या तशी दिसते.

तीन अक्षरांना एक बोट, बोटं ओळीत जोडली की लांब क्रम! 1994 मध्ये क्लूग यांच्या गटाने आणि पाबो यांच्या गटाने विषाणूंच्या पृष्ठभागावर प्रथिनं मांडून निवडण्याच्या फेज डिस्प्ले पद्धतीने नवी बोटं निवडून काढली आणि त्याच वर्षी क्लूग यांच्याकडे तीन बोटांचं प्रथिन रक्तकर्करोगातल्या बीसीआर-एबीएल जनुकावर बसवलं गेलं. 1996 मध्ये श्रीनिवासन चंद्रशेगरन यांच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या गटाने बोटांना फोक-वन एन्झाइमचा कापणारा भाग जोडला आणि हव्या जागी डीएनए कापणारं हत्यार तयार झालं.

अडचण शेजाऱ्याची होती. हेलिक्सवरच्या क्रमांक 2 चं अस्पार्टेट आपल्या तीन अक्षरांवर थांबत नाही. उणे 1 वरच्या आर्जिनिनला आधार देतानाच ते दुसऱ्या धाग्यावर, शेजारच्या बोटाच्या हद्दीतल्या अक्षरापर्यंत पोचतं. म्हणजे प्रत्येक बोट प्रत्यक्षात चार अक्षरं पाहतं आणि एक अक्षर दोघांत सामायिक असतं. म्हणूनच सुटी सुटी उत्तम चालणारी बोटं जोडली की कधी जागेवर बसतात, कधी नाही. 2008 मध्ये अशा जोडणीची मोठ्या प्रमाणावर चाचणी झाली तेव्हा बहुतेक जोड्या फसल्या. ज्या लक्ष्यांत प्रत्येक तिनाच्या गटाची सुरुवात ग्वानिनने होत होती, तिथलं यश बरं होतं. बाकीच्या लक्ष्यांसाठी शेजारची बोटं एकत्रच निवडण्याचा, जास्त वेळखाऊ रस्ता धरावा लागला.