दहा टक्क्यांच्या गणिताचा ताळा

गवत, नाकतोडा, बेडूक, साप. अशा अन्नसाखळीत एका पोषण पातळीतली दहा टक्केच ऊर्जा पुढच्या पातळीला मिळते आणि नव्वद टक्के वाटेत गळते, हा दहा टक्क्यांचा नियम. सापाच्या पातळीला ४ किलोज्यूल ऊर्जा मिळत असेल, तर गवतात किती असायला हवी? परीक्षेत हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच. त्यात चुकणारे बहुतेक जण गुणाकारात चुकत नाहीत, ते मोजण्यात चुकतात. साखळीत चार जीव दिसतात म्हणून चारला चार वेळा दहाने गुणले जाते आणि उत्तर ४०,००० येते. पण ऊर्जा एका जिवाकडून दुसऱ्याकडे जाते ती बाणावरून, आणि चार जिवांमध्ये बाण तीनच असतात. म्हणून बेडकांपाशी ४०, नाकतोड्यांपाशी ४००, गवतात ४,०००.

उत्तर बरोबर आहे का हे पाहायचे असेल, तर त्याच रस्त्याने परत यावे. ४,००० पासून सुरुवात करून प्रत्येक बाणावर किती ऊर्जा गळली ते लिहून काढा. गवताकडून नाकतोड्याकडे जाताना ३,६०० गेली, पुढच्या बाणावर ३६०, त्याच्या पुढच्यावर ३६. या तिन्हींची बेरीज ३,९९६ होते. त्यात सापापर्यंत पोचलेले ४ मिळवले की पुन्हा ४,००० येतात. ४०,००० वरून तीन बाण उतरलो असतो तर हाती ४ ऐवजी ४० उरले असते आणि चूक तिथेच उघडी पडली असती. हा ताळा आणखी एक घोटाळाही पकडतो. नव्वद टक्के गळतात हे काही जणांच्या डोक्यात असते, पण लिहिताना ते नव्वद टक्के पुढे पाठवतात. मग ४,००० चे ३,६००, त्याचे ३,२४० असा मनोरा उभा राहतो. वरची पायरी खालच्या पायरीइतकीच रुंद दिसू लागली की समजावे, पुढे जाणारा आणि गळणारा आकडा एकमेकांच्या जागी बसले आहेत.

दुसरी जागा सुरुवातीची. ‘२०,००० ज्यूल’ हा आकडा कुणाचा आहे? वनस्पतीत साठलेल्या ऊर्जेचा असेल, तर त्याच साखळीत नाकतोड्यांना २,०००, बेडकांना २०० आणि सापाला २० ज्यूल. पण प्रश्नात ‘सूर्याकडून २०,००० ज्यूल मिळाले’ असे असेल, तर आधी एक वेगळी पायरी उतरावी लागते. पानांवर पडलेल्या प्रकाशातला सुमारे एक टक्काच अन्नात साठतो, असे शालेय पुस्तके धरतात. म्हणजे गवतात २००, नाकतोड्यांत २०, बेडकांत २ आणि सापाकडे ०.२ ज्यूल. दोन उत्तरांत शंभर पटींचा फरक आहे. सूर्यापासून झाडापर्यंतच्या टप्प्याला दहा टक्के लावणारे तिसरे, चुकीचे उत्तरही वाटेत भेटते. दहा टक्के हा एका पोषण पातळीकडून दुसरीकडे जाण्याचा नियम आहे, आणि सूर्य ही पोषण पातळी नव्हे.

इथपर्यंत नियमाने काढलेले उत्तर नियमानेच तपासले. खरी मौज पुढे आहे. मोजलेले आकडे समोर ठेवले की हाच नियम कुठे खरा उतरतो आणि कुठे नुसता खरा वाटतो, हे दिसते. त्यासाठी अमेरिकेतल्या फ्लोरिडामधील सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याइतके चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. पाणी काचेसारखे स्वच्छ, तळाशी पाणगवताचे दाट पट्टे आणि त्यावर शेवाळ. ते खाणारी कासवे, गोगलगायी, मासे. त्यांच्यावर जगणारे लहान मांसाहारी आणि सर्वांत वर बास आणि गार यांसारखे शिकारी मासे. हॉवर्ड ओडम या परिसंस्थाशास्त्रज्ञाने या झऱ्याचा ऊर्जेचा हिशेब १९५७ साली प्रसिद्ध केला. पुढचे सगळे आकडे एका चौरस मीटरमागे एका वर्षाचे, किलोकॅलरीत आहेत.

त्या झऱ्यावर १७,००,००० इतका सूर्यप्रकाश पडत होता. वनस्पतींनी त्यातून एकूण २०,८१० इतके अन्न तयार केले, म्हणजे साधारण १.२ टक्के. पुस्तकातला एक टक्का इथे बऱ्यापैकी बसतो. पुढे शाकाहारींकडे ३,३६८ गेले, मांसाहारींकडे ३८३ आणि सर्वोच्च भक्षकांकडे २१.

आता दहा टक्क्यांचा नियम लावून पाहू. २०,८१० चा दहावा हिस्सा २,०८१, त्याचा २०८ आणि त्याचा सुमारे २१. प्रत्यक्ष मोजलेला शेवटचा आकडाही २१ च! नियम तंतोतंत सिद्ध झाला असे म्हणून कुणी वही मिटली तर त्याला दोष देता येणार नाही. पण मधले आकडे बघा. शाकाहारींना नियमाप्रमाणे २,०८१ मिळायला हवेत, मिळाले ३,३६८. मांसाहारींना २०८ हवेत, मिळाले ३८३. टक्केवारीत मांडले तर तीन टप्प्यांवर ऊर्जा १६.२, ११.४ आणि ५.५ टक्के पुढे सरकली. पहिल्या टप्प्यावर जास्त, शेवटच्या टप्प्यावर कमी, आणि तिन्हींचा गुणाकार मात्र जवळपास एक हजारांश. खालचे जास्त आणि वरचे कमी यांनी एकमेकांना सांभाळून घेतले, म्हणून शेवट जुळला.

म्हणूनच टोकाचा आकडा जुळणे हा ताळा म्हणून फार कच्चा असतो. दोन चुका एकमेकींना झाकत असतील तरीही तो जुळतो. प्रश्नात मधल्या पातळ्यांचे आकडे दिलेले असतील, तर प्रत्येक बाणाची टक्केवारी स्वतंत्र काढावी. वरच्या पातळीचा आकडा भागिले लगेच खालच्या पातळीचा, गुणिले शंभर. उत्तर पाच ते वीस टक्क्यांच्या आसपास आले, तर त्यात काही वावगे नाही आणि ते ओढूनताणून दहावर आणायचे कारण नाही. ज्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो, त्या रेमंड लिंडमनने १९४२ मध्ये दिलेले आकडेही नेमके दहा नव्हते. मिनेसोटातल्या सिडर बॉग तलावासाठी त्याचे आकडे १३.३ आणि २२.३ टक्के होते, तर मेंडोटा तलावासाठी ८.७, ५.५ आणि १३. उलट मोजमापांवर आधारलेल्या प्रश्नात प्रत्येक टप्प्याला बरोबर १०.०० टक्के येत असतील, तर ते आकडे मोजलेले नसून बनवलेले आहेत, असे मी धरून चालेन.

पक्का ताळा पाहिजे तर प्रत्येक पातळीचा जमाखर्च मांडावा लागतो. पातळीत जेवढी ऊर्जा आली, ती श्वसनात खर्च झालेली आणि शरीरात साठलेली यांच्या बेरजेइतकी असली पाहिजे. सिल्व्हर स्प्रिंग्जच्या वनस्पतींनी तयार केलेल्या २०,८१० पैकी ११,९७७ स्वतःच्या श्वसनात वापरले, उरले ८,८३३. शाकाहारींच्या ३,३६८ मधून १,८९० श्वसनात गेले, १,४७८ उरले. मांसाहारींच्या ३८३ मधून ३१६ गेले, ६७ उरले. सर्वोच्च भक्षकांच्या २१ मधून १३ गेले, ८ उरले. चारही ओळी जुळतात.

यानंतर सगळ्या झऱ्याची मिळून एक ओळ मांडता येते, आणि विद्यार्थ्यांना ती क्वचितच करायला सांगतात. आत काय आले? वनस्पतींचे २०,८१० आणि बाहेरून आलेले ४८६ किलोकॅलरींचे सेंद्रिय द्रव्य, मिळून २१,२९६. बाहेर काय गेले? चार पातळ्यांचे श्वसन ११,९७७, १,८९०, ३१६ आणि १३. विघटकांचे श्वसन ४,६००. शिवाय प्रवाहाबरोबर वाहून गेलेले २,५००. बेरीज करा, २१,२९६ च येते. विघटकांचे ४,६०० विसरलात तर तेवढीच ऊर्जा हवेत गायब झाल्यासारखी दिसेल. शाळेच्या उत्तरात नेमके हेच राहून जाते, कारण साध्या साखळीच्या चित्रात विघटकांना जागाच नसते.

याच आकड्यांतून ‘नव्वद टक्के उष्णता म्हणून जातात’ हे वाक्यही तपासता येते. ते अर्धेच खरे आहे. वनस्पतींच्या निव्वळ ८,८३३ पैकी शाकाहारींकडे ३,३६८ गेले, म्हणजे ३८ टक्के. उरलेले ५,४६५ त्या वाटेने वर गेलेच नाहीत. त्यांतले काही कुजून विघटकांकडे गेले, काही पाण्याबरोबर वाहून गेले. शाकाहारींना जे मिळाले, त्यातलेही ४४ टक्केच त्यांच्या शरीरात साठले. उत्तरात नव्वद टक्क्यांचे कारण लिहायचे असेल, तर न खाल्लेले, न पचलेले आणि श्वसनात खर्चलेले अशा तीन वाटा लिहाव्यात. ‘उष्णता’ एवढ्या एका शब्दाने काम भागत नाही.

एक सापळा असा, की त्यात जाणकारही अडकतात. वनस्पतींचे दोन आकडे समोर असतात, एकूण उत्पादन २०,८१० आणि श्वसन वजा केल्यावरचे निव्वळ उत्पादन ८,८३३. टक्केवारी काढताना यांपैकी कोणता खाली घ्यायचा? दोन्ही चालतात, पण वर आणि खाली एकाच जातीचा आकडा हवा. खालून वर एकूण आकडे घेतले तर १६.२, ११.४, ५.५ येतात. सगळीकडे निव्वळ घेतले तर १६.७, ४.५ आणि सुमारे १२ येतात. वर ३,३६८ आणि खाली ८,८३३ घेतले की ३८ टक्के येतात. तो आकडा खरा असला तरी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे, शाकाहारींनी किती अन्न घेतले याचे. तुमचे उत्तर पुस्तकाच्या उत्तरापेक्षा दुप्पट-अडीचपट निघाले, तर हिशेब पुन्हा करण्याआधी छेद कोणता घेतला ते पाहा.

शेवटी एककाकडे लक्ष द्यावे लागते. कधी उत्तरात वरची पातळी खालच्यापेक्षा मोठी येते आणि विद्यार्थी गोंधळतो. ऊर्जाप्रवाहाच्या हिशेबात असे होऊ शकत नाही. बाहेरून अन्न येत नसेल तर खालच्या पातळीपेक्षा जास्त ऊर्जा वर जाणारच नाही. पण जैवभाराच्या मनोऱ्यात हे घडते. इंग्लिश खाडीचे प्रसिद्ध आकडे पाहा: एका चौरस मीटरमागे वनस्पतीप्लवक ४ ग्रॅम आणि त्यांना खाणारे प्राणीप्लवक २१ ग्रॅम. यात चूक नाही. सूक्ष्म शैवाले झपाट्याने दुणावतात आणि तितक्याच झपाट्याने खाल्ली जातात, त्यामुळे कोणत्याही एका क्षणी ती थोडीच दिसतात. वर्षभरातले त्यांचे उत्पादन मात्र प्राणीप्लवकांच्या उत्पादनापेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून नियम लावण्याआधी आकड्यामागे ‘दर वर्षी’ किंवा ‘दर दिवशी’ आहे का ते शोधावे. नुसते ‘ग्रॅम प्रति चौरस मीटर’ असेल, तर तो त्या क्षणीचा साठा आहे, आणि साठ्याला दहा टक्क्यांचा नियम लावता येत नाही.