किडनीला धोका कोणत्या गोळीचा?

"बीपीच्या गोळीने किडनी खराब होते म्हणतात, मग ती बंद करून गुडघ्यासाठी फक्त डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेतली तर चालेल ना?"

नाही, मंडळी. अनियंत्रित रक्तदाब आणि मधुमेह हेच मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्या झिजवतात. बीपीची गोळी तो दाब उतरवून त्यांना जपते. डायक्लोफेनॅक मात्र मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी वाहिनी रुंद ठेवणारी द्रव्ये तयार होऊ देत नाही. नागपूरच्या मे महिन्यात घामाने शरीरातील पाणी घटलेल्या साठीतल्या मधुमेही व्यक्तीने ती आठवडाभर घेतली, तर लघवी कमी होऊन पायांवर सूज येऊ शकते आणि रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, चढू शकते. वेळीच थांबवल्यास ते बहुधा उतरते. मधुमेहाने होणारी झीज मात्र क्रिएटिनिनमध्ये उशिरा दिसते, म्हणून दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिनही तपासून घ्यावे.