पिशवी टिकत नाही? आधी मोजा, मग मागवा
(इलिओस्टोमी असलेल्या ग्राहकांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्या घरच्यांसाठी. कोलोस्टोमीवाल्यांनी शेवटचा भाग आधी वाचावा.)

आमच्याकडे सगळ्यांत जास्त येणारा फोन असा असतो: "पिशवी एक दिवससुद्धा टिकत नाही, दुसऱ्या कंपनीची पाठवा." दुसऱ्या कंपनीची पाठवणं आम्हाला सोपं आहे, विक्रीच होते. तरीही आम्ही आधी विचारतो, चोवीस तासांत किती मिली निघतं? काही जणांना या प्रश्नाचा राग येतो. पण अशा तक्रारीत पिशवी चांगली असूनही आतला मल पाण्यासारखा पातळ असतो, असं वरचेवर दिसतं. पातळ मल चिकट तबकडीच्या खाली शिरतो, तबकडी विरघळवतो आणि लहान आतड्यातल्या पाचक रसांमुळे कातडी जाळतो. त्यावर कुठलीही महागडी पिशवी लावली तरी दोन दिवसांनी पुन्हा तोच फोन येतो.

मोजायला एक लिटरचा खुणा असलेला प्लास्टिकचा मग लागतो. पहिल्या ऑर्डरसोबत तो आम्ही तसाच देतो, वेगळे पैसे घेत नाही. सकाळी सातला पिशवी पूर्ण रिकामी करा. तिथून दुसऱ्या दिवशी सातपर्यंत प्रत्येक वेळी आधी मगात ओता, आकडा लिहा आणि मगच संडासात टाका. लघवीही दुसऱ्या भांड्यात अशीच मोजा. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. अर्ध्याच्या वर भरू दिली तर वजनाने तबकडी कातडीपासून ओढली जाते.

ऑपरेशननंतर आतडं स्थिरावलं की दिवसाला साधारण 500 ते 800 मिली निघतं आणि ते घट्टसर पेजेसारखं असतं. सुरुवातीच्या आठवड्यांत लिटरभर निघालं तरी लगेच घाबरू नका. 1500 मिलीच्या वर गेलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सोबत लघवी कमी आणि गडद होत असेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा पोटऱ्यांत गोळे येत असतील, तर फोनवर न थांबता दवाखान्यात जा.

आता मुख्य चूक. पातळ होतंय, म्हणजे अंगातलं पाणी जातंय, म्हणून घरचे भरपूर पाणी पाजतात. ऐकायला हे बरोबर वाटतं, पण इलिओस्टोमीत नेमकं उलटं होतं. मोठं आतडं रोज लिटरभराच्या आसपास पाणी आणि त्यातलं मीठ परत शोषून घेतं. इलिओस्टोमीत ते वाटेतून बाजूला झालेलं असतं. लहान आतड्याचं अस्तर सैल असतं. त्यात मीठ नसलेलं पाणी आलं की शरीर रक्तातलं मीठ आतड्यात सोडतं आणि त्या मिठामागे पाणीही जातं. म्हणजे प्यायलेलं पाणी पिशवीत येतं, वर अंगातलं मीठही घेऊन येतं. खूप गोड पेयांचंही तसंच, साखर पाणी आतड्यात ओढून घेते. तहान भागत नाही, म्हणून माणूस आणखी पितो आणि पिशवी आणखी वेगाने भरते.

आकड्यांत बघू. समजा ऑपरेशनला पाच आठवडे झालेत, एप्रिलचा उन्हाळा आहे. दिवसभरात तीन लिटर पाणी, दोन शहाळी, दोन ग्लास लिंबू सरबत आणि चहा झाला. मगातला हिशेब 2100 मिली आणि लघवी 400. इलिओस्टोमीतून जाणाऱ्या प्रत्येक लिटरबरोबर साधारण 6 ग्रॅम मीठ जातं, म्हणजे त्या दिवशी 12 ग्रॅमच्या वर गेलं. एवढं मीठ शहाळ्यातून आणि साध्या पाण्यातून कुठून परत येणार? शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम त्या मानाने कमी. या माणसाला त्याच दिवशी डॉक्टर लागतील. ते बहुधा रक्तातलं सोडियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन आणि लघवीतलं सोडियम तपासायला सांगतील. घरी बदलायचं ते असं: पाणी, चहा, ताक, सरबत सगळं मिळून दिवसाला एक लिटरपर्यंतच. उरलेली तहान एक लिटर मीठ-ग्लुकोजच्या पाण्याने घोटाघोटाने भागवायची. पहिला दिवस जड जातो, तोंड कोरडं पडतं. चूळ भरा, बर्फाचा तुकडा चघळा, पण गटागटा पिऊ नका.

हे पाणी घरी करता येतं. एक लिटर पाण्यात ग्लुकोज पावडर 20 ग्रॅम, मीठ 3.5 ग्रॅम आणि खाण्याचा सोडा 2.5 ग्रॅम. चमच्याने मोजू नका, घरोघरी चमचे वेगळे असतात. दशांशापर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा वापरा. ग्लुकोज साधं, बिनस्वादाचं घ्या. फ्रीजमध्ये गार करून प्या, चव सुसह्य होते. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्या. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर इतकं मीठ सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

औषधाच्या दुकानातली ओआरएसची मोठी पुडी वापरायची असेल तर ती पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. एका ग्लासात घातली की ती जास्त घट्ट होऊन पाणी उलट आतड्यात ओढते. खोक्यातली फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत साखर जास्त आणि मीठ कमी असतं. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, ती त्यामुळेच.

जेवणात मऊ भात, मीठ घातलेली पेज, पिकलेलं केळं, उकडून कुस्करलेला बटाटा आणि पूर्ण शिजलेला साबुदाणा मल घट्ट करतात. म्हणून उपवासाची साबुदाण्याची खिचडी चालते, फक्त शेंगदाण्याचं कूट अगदी बारीक आणि कमी. उपवास म्हणून मीठच बंद करत असाल तर तो उपवास सध्या सोडा. दुष्परिणाम नकोत म्हणून काही जण लोपेरामाइड घ्यायचं टाळतात, काही जण स्वतःच डोस वाढवतात. ही गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतली तर चांगली चालते, पण किती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. चिठ्ठीशिवाय ती आम्ही कुणालाही देत नाही. बाकीच्या औषधांची एखादी गोळी जशीच्या तशी पिशवीत दिसली तर तिचा फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. अंगात न विरघळता बाहेर पडणारं औषध घेतल्यासारखंच नाही.

इथे एक फसवी गोष्ट आहे. पातळ पाणी येतंय म्हणजे रस्ता मोकळा आहे, असं धरून चालू नका. आतडं अर्धवट अडलं तर अडथळ्याच्या बाजूने फक्त पाणी वाट काढतं. ते पिचकारीसारखं येतं, वास उग्र असतो, पोटात कळा येतात आणि पोट फुगतं. अशा वेळी लोपेरामाइड घेणं धोक्याचं. अडथळा बहुधा नीट न चावलेल्या तंतूंचा असतो. मक्याचे दाणे, ओलं खोबरं, अळंबी, अननस, ऊस, संत्र्याच्या फोडींवरची साल, शेवग्याची शेंग, पालेभाज्यांचे देठ, मोडाच्या मटकीची सालं आणि थंडीतला हुरडा, ही आपल्याकडची नेहमीची नावं. पहिले सहा ते आठ आठवडे आतड्याला सूज असते, तेव्हा हे सगळं बंद. त्यानंतर एका दिवशी एकच नवा पदार्थ, दोन चमचे, दुपारच्या जेवणात, पुरणासारखा होईपर्यंत चावून. रात्री नको, कारण त्रास झाला तर मध्यरात्री धावाधाव होते.

कळा येऊन मल थांबला तर घट्ट अन्न लगेच बंद करा. उलटी नसेल तर थोडं थोडं प्या. गरम पाण्याची अंघोळ करा, गुडघे छातीशी घेऊन पडा आणि स्टोमाच्या भोवती हलक्या हाताने चोळा. स्टोमा सुजून मोठा झाला असेल तर मोठं भोक कापलेली पिशवी लावा, नाहीतर तबकडीची कड त्याला चिरते. जुलाबाचं औषध किंवा एरंडेल घेऊ नका आणि स्टोमात बोट वा नळी घालू नका. चार ते सहा तासांत मल सुरू झाला नाही, उलटी झाली किंवा स्टोमा काळसर जांभळा दिसू लागला, तर आम्हाला फोन करू नका. सरळ हॉस्पिटल गाठा.

मोजलेला आकडा हजाराच्या आत आहे, मलही घट्ट आहे आणि तरी गळतं, तर आता बोलू पिशवीबद्दल. पहिल्या आठ आठवड्यांत स्टोमा आकसतो, पण लोक दवाखान्यात कापलेल्या पहिल्या मापाचंच भोक कापत राहतात. दर आठवड्याला मोजपट्टीने माप घ्या आणि स्टोमाभोवती दोन ते तीन मिलिमीटरच मोकळं ठेवा. कातडी कोमट पाण्याने पुसून कोरडी करा. तेल, स्पिरिट, जंतुनाशक काही लावू नका, त्यावर तबकडी धरत नाही. कातडी ओलसर सोलली असेल तर पावडर भुरभुरून जास्तीची झटकून टाका. स्टोमा कातडीच्या पातळीला बसलेला असेल तर सपाट तबकडीऐवजी फुगीर तबकडी लागते. ती आमच्याकडे आहे. आधी दोन नग न्या, बसली तर खोकं घ्या. कापलेली पिशवी आम्ही परत घेत नाही, ते याचसाठी. रात्री जास्त निघणाऱ्यांसाठी नळीने मोठ्या पिशवीला जोडता येणारी पिशवीही आहे, झोप मोडत नाही.

कोलोस्टोमीवाल्यांनी वरचा पाण्याचा नियम पाळायचा नाही. स्टोमा डाव्या बाजूला असेल आणि मल बांधलेला असेल, तर तुमचा नेहमीचा त्रास बद्धकोष्ठतेचा. पाणी भरपूर प्या, शिजलेल्या भाज्या आणि फळं खा. स्टोमा उजव्या बाजूला असला तरी तो कोणता, हे बाजूवरून गृहीत धरू नका. डिस्चार्ज कार्डावर नाव लिहिलेलं असतं.

पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा कार्डावरचं नाव, ऑपरेशनची तारीख, चोवीस तासांचे मलाचे आणि लघवीचे आकडे आणि स्टोमाचं मिलिमीटरमधलं माप हाताशी ठेवा. पाच मिनिटांत ऑर्डर होते आणि चुकीचं पार्सल परत पाठवावं लागत नाही.