त्रैमासिक पुरवठादार आढाव्याचा सारांश

सेवा पुरवणारी कंपनी आणि तिचा ग्राहक यांच्यातील तिमाही बैठकीच्या ध्वनिमुद्रणावरून केलेली त्रिभागी नोंद. चुकलेली सेवापातळी, मान्य झालेली पेनल्टी आणि कबूल केलेली दुरुस्ती हे तिचे भाग होत. सेवापातळी करार (एसएलए) दूरसंचार आणि संगणकसेवांच्या व्यवहारांतून, बहुधा १९८० च्या दशकात, रूढ झाले.

पहिल्या भागात खरा वाद मोजणीच्या कालखंडाचा असतो. समजा, करारात उपलब्धता ९९.५ टक्के आहे आणि ऑगस्टमध्ये सेवा ३१० मिनिटे बंद होती. ऑगस्टची एकूण मिनिटे ४४,६४० असल्याने सेवा बंद राहण्याची सूट साधारण २२३ मिनिटांची. म्हणजे पातळी चुकली. जुलै ते सप्टेंबर एकत्र धरल्यास मात्र सूट ६६२ मिनिटांवर जाते आणि इतर दोन महिन्यांत सेवा बंद पडली नसेल, तर तीच पातळी पाळलेली ठरते. त्यातच ३१० पैकी १२० मिनिटे पूर्वसूचित देखभालीची होती, असा पुरवठादाराचा दावा असतो. तो मान्य केल्यास उरलेली १९० मिनिटे ऑगस्टच्याही मर्यादेत बसतात. म्हणून सारांशात नुसती टक्केवारी न देता कालखंड, वगळलेली मिनिटे आणि ती वगळण्यास कोणी संमती दिली हे लिहावे लागते. कालखंड करारातून घ्यावा, बोलणाऱ्याच्या आठवणीतून नव्हे.

‘पेनल्टी’ हा बैठकीतला शब्द आहे. बिलात तिची क्रेडिट नोट होते. इंग्लंडच्या न्यायालयांनी दंड आणि पूर्वनिश्चित भरपाई यांत भेद केला. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ ने तो बाजूला ठेवला: नमूद रक्कम ही कमाल मर्यादा, तिच्या आत वाजवी भरपाई. प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करावे लागते का, याबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या सॉ पाइप्स आणि २०१५ च्या कैलाश नाथ या निकालांचा रोख सारखा नाही. नंतरच्या निकालाची मांडणी अधिक नेमकी वाटते: नुकसान झालेलेच असावे, ते मोजणे अवघड असेल तरच पुराव्याची अट सैल होते. सारांशकाराने त्यामुळे रकमेशेजारी झालेल्या नुकसानीचा उल्लेखही टिपावा.

संमती ओळखणे हे सर्वांत नाजूक काम. ग्राहक म्हणतो, “ऑगस्टच्या बिलातून पाच टक्के कापतोय.” पुरवठादाराकडून उत्तर येते, “ठीक आहे, बघतो.” याला होकार समजणे चूक आहे; ही मागणी ‘अनिर्णित’ म्हणून, ध्वनिमुद्रणातील वेळेसह नोंदवावी. पुढे त्याच व्यक्तीने “क्रेडिट नोट पाठवतो” म्हटले, तरच ती मान्य रकमेत जाते. तीही त्या व्यक्तीला अधिकार असल्यास.

दुरुस्तीच्या भागात “करून घेऊ” हे वाक्य वारंवार येते. त्यात कर्ताही नसतो आणि तारीखही. “पंधरा दिवसांत” म्हटले, तर कोणत्या दिवसापासून, हे विचारून घ्यावे. ध्वनिमुद्रणात ‘साठ’ आणि ‘आठ’ यांची गल्लत होऊ शकते, म्हणून आकडे लेखी अहवालाशी ताडतात.